सत्तावीस निष्कर्षांचे तीन झाले

भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध ज्या 'शोधगंगा' संग्रहात साठवले जातात, तिथे एक प्रबंध बहुधा एकाच फाइलमध्ये नसतो. मुखपृष्ठ, प्रतिज्ञापत्र, पहिले प्रकरण, दुसरे प्रकरण अशा सुट्या पीडीएफ असतात. तिथे येणारा वाचक तीनशे पाने वाचायला आलेला नसतो. तो विषय पाहतो, अनुक्रमणिकेवर नजर टाकतो आणि थेट शेवटची फाइल उघडतो. तिथे त्याला बहुतेक वेळा हे वाचायला मिळते : 'पहिल्या प्रकरणात विषयाची ओळख करून दिली आहे. दुसऱ्या प्रकरणात पूर्वसंशोधनाचा आढावा घेतला आहे. तिसऱ्या प्रकरणात संशोधन पद्धती स्पष्ट केली आहे...' म्हणजे जी अनुक्रमणिका त्याने आत्ताच पाहिली, तीच आता पूर्ण वाक्यांत.

हा दोष आळसातून येतो असे नाही. अनेक विद्यापीठांत शेवटच्या प्रकरणाचे नावच 'सारांश, निष्कर्ष व शिफारशी' असे रूढ आहे. आधीच्या विद्यार्थ्याचा बांधलेला प्रबंध समोर ठेवून नवा विद्यार्थी लिहितो, त्याने त्याच्या आधीच्याचा ठेवलेला असतो. शिवाय हे प्रकरण लिहायची वेळ येते ती सगळ्यात वाईट : मुदत संपत आलेली, टंकलेखन-बांधणीची घाई, मार्गदर्शकांची सही बाकी. अशा वेळी आधीच्या प्रकरणांतले परिच्छेद उचलून थोडे आवळणे हा सोपा मार्ग वाटतो. आणि कागदावर पाने भरलेली दिसतात.

परीक्षकाला मात्र या प्रकरणाकडून वेगळे हवे असते. प्रबंधात काय काय केले हे त्याला ठाऊक असते, कारण त्याने तो नुकताच वाचलेला असतो. त्याचे प्रश्न तीन असतात. या कामामुळे आधी नव्हते असे काय हाती आले? ते कितपत विश्वासार्ह आहे? आणि इथून पुढे कुठे जाता येईल? योगदान, मर्यादा आणि पुढील संशोधन ही तीन शीर्षके या तीन प्रश्नांचीच आहेत. मौखिक परीक्षेत हेच प्रश्न तोंडी येतात, तेव्हा लेखी उत्तर आधीच असलेले बरे.

डेव्हिड बंटन यांनी हाँगकाँगमधल्या ४५ पीएच.डी. प्रबंधांची समारोपाची प्रकरणे तपासून २००५ मध्ये एक लेख प्रसिद्ध केला. त्यांना दिसलेल्या घडणीत संशोधनाचा हेतू पुन्हा मांडणारा भाग सुरुवातीला होता, पण तो प्रास्ताविकच. मधला मोठा ऐवज होता तो निष्पत्ती पक्की करण्याचा, तिच्या उपयोगाचा आणि पुढच्या संशोधनाचा. थोडक्यात, सारांशाला जागा आहे, पण ती उंबरठ्यावरची.

हा फेरबदल प्रत्यक्षात कसा होतो, ते एका उदाहरणातून पाहू. उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे. त्यातले आकडे कुठल्याही खऱ्या पाहणीचे नाहीत, प्रश्न मात्र खरा आहे. समजा, शिक्षणशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांवर प्रबंध लिहिला आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक 'कोयता', मुकादमाकडून उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. शाळेचे अर्धे वर्ष त्यात जाते. मुले गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची सोय असते. त्या सोयीने मुले खरेच गावात राहतात का, हा तिचा प्रश्न. तिने १२ गावे घेतली : सहा वसतिगृह असलेली, सहा नसलेली.

तिच्या शेवटच्या प्रकरणाचा पहिला खर्डा १४ पानांचा होता. त्यातली नऊ पाने प्रकरणवार सारांशाची. मग क्रमांक घातलेले २७ निष्कर्ष. मग शिफारशी. शेवटी अर्ध्या पानात मर्यादा आणि 'पुढील संशोधनासाठी विषय'.

पहिली कात्री सारांशावर चालते आणि ती चालवायला फार विचार लागत नाही. ज्या वाक्याचा कर्ता 'प्रकरण' किंवा 'संशोधक' आहे, ते वाक्य बहुधा काढण्याजोगे असते. 'चौथ्या प्रकरणात उपस्थितीचे विश्लेषण केले आहे' या वाक्यातून विश्लेषणाची बातमी कळते, त्यातून काय निघाले ते कळत नाही. नऊ पानांची अशी चाळण केली की एक परिच्छेद उरतो : प्रश्न काय होता, तो कुठे आणि कशाच्या आधारे तपासला. विद्यापीठाच्या नमुन्यात सारांशाचे शीर्षक सक्तीचेच असेल तर ते ठेवावे आणि पानभरात आटोपावे.

खरी मेहनत २७ निष्कर्षांवर आहे. त्यात 'इतक्या टक्के कुटुंबांकडे रेशनकार्ड आहे', 'बहुसंख्य पालकांचे शिक्षण प्राथमिक स्तरापर्यंत झाले आहे' अशी वाक्ये होती. ही कोष्टकांतली माहिती आहे, आणि ती कोष्टकांतच शोभते. निष्कर्ष आणि योगदान यांत फरक आहे. निष्कर्ष म्हणजे आकड्यांतून जे दिसले ते. योगदान म्हणजे त्यामुळे त्या विषयातल्या जाणकाराचे मत, पद्धत किंवा साधन कुठे बदलते ते. म्हणून प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारायचा : हे खोडले तर ऊसतोड कामगारांच्या मुलांवर काम करणाऱ्या कुणाचे काही अडेल का? २७ पैकी बहुतेक इथेच गळतात.

जे उरतात, त्यांच्यात कधी कधी असा एक जोड सापडतो, जो लिहिणाऱ्याच्याही लक्षात आलेला नसतो. या यादीत चौदावा निष्कर्ष होता : 'वसतिगृह असलेल्या गावांतील मुलांचे स्थलांतर कमी आढळले.' एकोणिसावा होता : 'अकरा वर्षांवरील मुलींचे स्थलांतराचे प्रमाण जास्त आहे.' पहिला चौथ्या प्रकरणातून आला होता, दुसरा पाचव्यातून. यादीत दोघांच्या मध्ये चार वाक्ये होती, त्यामुळे त्यांची गाठच पडली नव्हती. ती घालायची तर मूळ कोष्टकाकडे परत जावे लागते. तिथे सहा ते दहा वयाची मुले पाहिली तर वसतिगृह असलेल्या गावांत १२२ पैकी ३८ जण आईबापांबरोबर गेले होते, म्हणजे ३१ टक्के. वसतिगृह नसलेल्या गावांत ११८ पैकी ८१, म्हणजे ६९ टक्के. फरक ठसठशीत आहे. आता ११ ते १४ वयाच्या मुली : वसतिगृह असलेल्या गावांत ६८ पैकी ४१ गेल्या, नसलेल्या गावांत ७० पैकी ४४. म्हणजे ६० टक्के आणि ६३ टक्के. फरक जवळपास नाहीच.

दोन निष्कर्षांचे मिळून एक योगदान झाले : लहान मुले जिथे वसतिगृहाच्या गावांत मागे राहतात, तिथेही मोठ्या मुलींचे जाणे कमी झालेले दिसत नाही. 'वसतिगृहांमुळे फायदा होतो' असे सरसकट म्हणणाऱ्याला आता वय आणि मुलगा-मुलगी हे वेगवेगळे पाहावे लागेल. नवी आकडेवारी एक ओळही आली नाही. शेवटच्या प्रकरणात नवा पुरावा आणायचा नसतो, हा संकेत पाळला गेला. पण आधीच्या दोन पुराव्यांमधला संबंध इथे पहिल्यांदा मांडला गेला, आणि त्याला कुठलीच आडकाठी नाही. सारांशाची पद्धत हा संबंध दडवते, कारण ती प्रकरणांच्या क्रमाने चालते.

दुसरे योगदान यादीत नव्हतेच. ते तिसऱ्या प्रकरणाच्या एका परिच्छेदात पडून होते. शाळेच्या हजेरीपटावर काही मुले हंगामभर हजर दिसत होती, प्रत्यक्षात ती कारखान्यावर होती. हे विद्यार्थिनीने पकडले ते मुकादमांच्या वहीवरून. कोणत्या कोयत्याला किती उचल दिली आणि टोळी गावातून कधी निघाली, याच्या नोंदी तिथे असतात. तिने त्या तारखा हजेरीपटाशी ताडून पाहिल्या. पुढच्या कुणालाही वापरता येईल अशी ही तपासणीची रीत आहे. तिच्या मनात मात्र ती 'अडचणीतून काढलेला मार्ग' एवढीच होती. पद्धत, साधन, शब्दसूची, वर्गीकरण, जमवलेली कागदपत्रे हीसुद्धा योगदानेच, आणि सारांशातून सगळ्यात आधी वगळली जातात तीही हीच.

तिसरे योगदान वर्गीकरणाचे. मुलांचे 'गेली' आणि 'राहिली' असे दोनच गट करणे पुरत नाही, हे तिला दिसले होते. काही मुले हंगामाच्या मध्येच परत आणली जातात, काही मागाहून नेली जातात. तिने चार गट पाडले होते. तिसरे योगदान एवढेच आणि तेवढ्या दोन वाक्यांत ते सांगून झाले. तिन्ही सारख्या लांबीची असायलाच हवीत असे कुणी सांगितलेले नाही.

योगदान नावानिशी मांडणे म्हणजे काय, याचा जगप्रसिद्ध नमुना संगणकशास्त्रात आहे. रॉय फील्डिंग यांनी २००० साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत सादर केलेल्या प्रबंधात 'रेस्ट' ही वेबच्या रचनेची शैली मांडली. आज मोबाइलमधली असंख्य अ‍ॅप सर्व्हरशी याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या रीतीने बोलतात. त्यांच्या समारोपात योगदाने मोजकी आणि सुटी सांगितली आहेत : रचनाशैलींच्या आधारे सॉफ्टवेअरची रचना समजून घेण्याची चौकट, जाळ्यावर चालणाऱ्या प्रणालींसाठी अशा शैलींचे वर्गीकरण, खुद्द रेस्ट ही नवी शैली, आणि आधुनिक वेबची रचना करताना तिचा केलेला वापर व पारख. चारही गोष्टी हातात उचलून दुसऱ्याला देता येतील अशा आहेत. 'सखोल अभ्यास केला' किंवा 'विषयावर प्रकाश टाकला' असली वस्तू त्यांत नाही. पुढच्या कामाबद्दलही ते नेमके बोलतात : एचटीटीपीच्या १.x आवृत्त्यांची जागा घेणारा, अधिक काटकसरीची वाक्यरचना असलेला संकेत घडवायचा, पण रेस्टने दाखवलेले गुण गमवायचे नाहीत. ध्वनी-चित्राच्या अखंड प्रवाहासारख्या गोष्टी सामावून घेण्यासाठी रेस्टचा विस्तार करण्यात लोकांना रस आहे, असेही ते नोंदवतात. आजच्या तारखेला हे वाचताना पुढचे काम कसे सांगावे, याचा धडाच मिळतो.

आता मर्यादा. मराठी प्रबंधांत या शीर्षकाखाली ठरलेली वाक्ये येतात : 'हा अभ्यास बीड जिल्ह्यापुरता मर्यादित आहे. वेळ व पैसा यांच्या मर्यादेमुळे फक्त १२ गावे निवडली.' यातले पहिले वाक्य मर्यादा नव्हे, ती व्याप्ती आहे. बीड जिल्हा संशोधकानेच निवडला. ते पहिल्या प्रकरणात सांगून झालेले असते. दुसरे वाक्य खरे असले तरी निरुपयोगी आहे, कारण वेळ आणि पैसा कुणालाच पुरत नाही. मर्यादा म्हणजे निष्कर्षावरचा विश्वास जिथे कमी होतो ती जागा. ती सांगताना तीन गोष्टी लागतात : उणीव कोणती, तिने कोणता निष्कर्ष हलतो, आणि कोणत्या दिशेने हलतो.

या उदाहरणात सगळ्यात मोठी उणीव अशी : वसतिगृह असलेली गावे आणि नसलेली गावे मुळातच सारखी नसावीत. जिथे मुख्याध्यापक धडपडे आहेत, जिथे ग्रामपंचायत पाठपुरावा करते, तिथेच वसतिगृह नीट चालण्याची शक्यता जास्त. मग लहान मुलांमधला ३१ आणि ६९ हा फरक सगळाच वसतिगृहाचा नसेल, काही भाग त्या धडपडीचा असेल. म्हणजे वसतिगृहाचा परिणाम प्रबंधात फुगून दिसत असण्याची शक्यता आहे. हे कबूल करताना विद्यार्थ्यांचा हात थरथरतो, परीक्षक यावरच बोट ठेवील असे वाटते. पण हीच उणीव मुलींच्या निष्कर्षाला लावून पाहावी. गावे उत्साही, वसतिगृह चालू, तरीही मुली जातातच. गावांमधला हा कल इथे निष्कर्षाच्या विरुद्ध बाजूला ओढत होता, तरी फरक दिसला नाही. एकच मर्यादा एका दाव्याला दुबळे करते आणि दुसऱ्याला आधार देते. ही ओळ लिहिलेली असेल तर परीक्षकाचा प्रश्न अर्धा संपतो.

अर्थात मुलींच्या दाव्यालाही स्वतःची मर्यादा आहेच. दोन्हीकडे मुली सत्तरच्या आसपास. एवढ्या थोड्या संख्येत दहा-पंधरा टक्क्यांचा खरा फरक असला तरी तो योगायोगाच्या चढउतारात लपून राहू शकतो. म्हणून योगदानाचे वाक्य 'वसतिगृहाचा मोठ्या मुलींना उपयोग होत नाही' असे लिहिता येत नाही. 'या गावांत मोठा फरक आढळला नाही' इथेच थांबावे लागते. तिसरी उणीव : ज्या मुलांची नावे पटावर कधी आलीच नाहीत, ती या अभ्यासात नाहीत. त्यांच्याबद्दल प्रबंधाने गप्प राहायचे. आणि मुकादमांच्या वह्या १२ पैकी आठच गावांत पाहायला मिळाल्या, त्यामुळे उरलेल्या चार गावांत हजेरीपटावरच भिस्त आहे आणि तिथे गेलेल्या मुलांची संख्या खरी त्यापेक्षा कमी नोंदली गेली असण्याची शक्यता आहे.

यावरून लिहिण्याचा एक क्रम सुचतो, जो छापलेल्या क्रमाच्या उलटा आहे. आधी मर्यादा लिहाव्यात, मग योगदाने. योगदाने आधी लिहिली तर त्यांत 'सिद्ध झाले', 'प्रथमच', 'स्पष्टपणे दिसून येते' असे शब्द घुसतात आणि मागून लिहिलेल्या मर्यादा त्यांना खोटे पाडतात. एकाच प्रकरणातली दोन पाने एकमेकांशी भांडू लागली की परीक्षकाला ते चटकन दिसते. 'प्रथमच' हा शब्द तर शोधगंगेवर आणि विषयाच्या नियतकालिकांत शोध घेतल्याशिवाय वापरूच नये. आणि वापरला तरी 'हजेरीपट व मुकादमाची वही यांचा ताळा' इतक्या नेमक्या गोष्टीपुरता. 'गृहीतक सिद्ध झाले' या लाडक्या वाक्याचेही तसेच आहे. आकडेवारीच्या चाचणीने गृहीतकाला पाठिंबा मिळतो किंवा मिळत नाही. भूमितीतल्या प्रमेयासारखे ते सिद्ध होत नाही.

उरला पुढील संशोधनाचा भाग. इथे प्रबंधांत एक गमतीदार परंपरा आहे : आपल्याच शीर्षकातले जिल्ह्याचे नाव बदलून चार-पाच विषय तयार करायचे. 'परभणी जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांचा अभ्यास', 'अहिल्यानगर जिल्ह्यातील...', मग 'वीटभट्टी कामगारांच्या मुलांचा तुलनात्मक अभ्यास'. असे विषय सुचवायला प्रबंध लिहावा लागत नाही. पुढचे काम मर्यादांतूनच निघाले पाहिजे.

विद्यार्थिनीची पहिली मर्यादा होती गावांची असमान तुलना. तिच्यावरचा उपाय म्हणजे गावांची आपापसांत तुलना न करता त्याच गावाची आधीची आणि नंतरची वर्षे पाहणे. ज्या गावात वसतिगृह नव्याने सुरू होईल, तिथे सुरू होण्याआधीचे दोन हंगाम आणि नंतरचे दोन हंगाम तपासायचे. जुने हजेरीपट शाळेत असतात, जुन्या वह्या मुकादमांकडे मिळू शकतात, म्हणजे माहितीचा स्रोतही सांगून झाला. दुसरा प्रश्न मुलींचा. मुलाखतींत आयांनी वारंवार सांगितले होते की फडावर दोघे तोडणीला गेल्यावर कोपीत तान्ह्या भावंडाला सांभाळायला कुणी तरी लागते. मग तपासायचे हे : ज्या घरात पाच वर्षांखालचे मूल नाही, त्या घरातली मोठी मुलगी मागे राहते का? कुटुंबांची माहिती तिच्याकडे आहे, पण असे गट पाडले की प्रत्येक गटात मुली फार थोड्या उरतात. त्यासाठी काही शे मुलींची नोंद लागेल. हे वाचून दुसरा विद्यार्थी उद्या कामाला लागू शकतो. 'या विषयावर अधिक संशोधनाची गरज आहे' हे वाचून कुणीच लागणार नाही.

शिफारशींचा घोळही इथेच सुटतो. पहिल्या खर्ड्यात 'शासनाने कारखान्यांवर पाळणाघरे सुरू करावीत' अशी शिफारस होती. कल्पना चांगली असेल, पण या प्रबंधाने पाळणाघर असलेला एकही कारखाना पाहिलेला नाही. त्यामुळे ती शिफारशींतून उठून पुढील संशोधनात गेली : जिथे पाळणाघर आहे तिथे मोठ्या मुलींचे जाणे घटते का, असा प्रश्न होऊन. शिफारशींत जे राहिले ते प्रबंधाच्या पुराव्याने पेलेल इतकेच : हंगामात गैरहजेरी मोजताना हजेरीपट एकटा धरू नये, आणि वसतिगृहाची उपयुक्तता सांगताना मोठ्या मुलींचे आकडे वेगळे द्यावेत. 'शासनाने लक्ष द्यावे' या वाक्यापेक्षा या दोन ओळी गटशिक्षणाधिकाऱ्याच्या जास्त कामाच्या.

हे सगळे झाल्यावर नवे प्रकरण सात-आठ पानांत बसते आणि मग एक जुनी अडचण डोके वर काढते. प्रबंधाचा गोषवारा आणि पहिल्या प्रकरणातली उद्दिष्टे अजून पहिल्या खर्ड्याच्याच भाषेत असतात. उद्दिष्ट पाच म्हणते 'वसतिगृहांच्या परिणामकारकतेचे मूल्यमापन करणे', समारोप मात्र एवढा मोठा दावा करत नाही. उद्दिष्टांची यादी आणि योगदानांची यादी दोन कागदांवर शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवावी लागते. ज्या उद्दिष्टासमोर काहीच येत नाही, त्याचे काय झाले ते समारोपात एका वाक्यात सांगावे. जे योगदान कोणत्याच उद्दिष्टासमोर बसत नाही, जसा मुकादमाच्या वहीचा ताळा, त्याची चाहूल पहिल्या प्रकरणात द्यावी. गोषवारा पुन्हा लिहिण्याला पर्याय नाही. शीर्षकातला 'परिणाम' हा शब्द मात्र अनेकदा तसाच राहतो, कारण नोंदणी झालेले शीर्षक बदलायचे तर विद्यापीठाच्या समितीची मंजुरी लागते आणि तेवढा वेळ हातात नसतो. अशा वेळी समारोपाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकावे की इथे परिणाम म्हणजे दोन प्रकारच्या गावांत आढळलेला फरक, त्याहून जास्त काही नाही.